अनियमित पाणीपुरवठ्यावर संपादकांना पत्र: ते तक्रार अर्जासारखं का होतं?

प्रश्न: प्रगत लेखनाच्या परीक्षेसाठी ‘आमच्या भागातील अनियमित पाणीपुरवठा’ या विषयावर वृत्तपत्राच्या संपादकांना पत्र लिहायचा सराव करतोय. मांडणी बरोबर असते, शुद्धलेखनही ठीक असतं, तरी शेरा येतो, ‘हा तक्रार अर्ज झाला’. नेमकं काय बदलायचं?

उत्तर: तुमचा मायना संपादकांचा असतो, पण लिहिताना डोळ्यांसमोर पाणीपुरवठा विभागाचा अधिकारी असतो, असा माझा अंदाज आहे. शेवटच्या ओळीवरून ते लगेच ओळखता येतं. ‘तरी आमच्या भागातील पाणीपुरवठा सुरळीत करण्यात यावा, ही नम्र विनंती’ असं वाक्य तिथे असेल, तर पत्र चुकीच्या टेबलावर गेलं आहे. संपादकांच्या हातात पाण्याचा व्हॉल्व्ह नसतो. त्यांच्याकडे असते ती जागा, आणि त्या जागेतून तुमचं म्हणणं तुमची गल्ली कधीही न पाहिलेल्या हजारो लोकांपर्यंत जातं. अधिकारीही ते वाचतो, पण इतर सगळ्यांनी वाचलेलं आहे हे ठाऊक असताना वाचतो. पत्राचा सगळा जोर तिथून येतो.

मी बरीच वर्षं एका दैनिकात वाचकांच्या पत्रांचं पान पाहिलं, आणि नंतर लेखन शिकवायला आणि उत्तरपत्रिका तपासायला लागलो. पाण्यावरची पत्रं दोन्ही ठिकाणी सर्वांत जास्त आली. त्यातली बहुतेक एकाच जागी अडखळतात. विषयातला ‘अनियमित’ हा शब्द कुणी नीट वाचत नाही.

पाण्याच्या तक्रारी ढोबळमानाने चार. पाणी अपुरं येतं, कमी दाबाने येतं, गढूळ येतं आणि अनियमित येतं. परीक्षेच्या पत्रात विद्यार्थी या चारही एकामागोमाग एक ओततात आणि शेवटी ‘नागरिक हैराण झाले आहेत’ असं लिहून मोकळे होतात. विषय मात्र चौथीचा आहे. अनियमित म्हणजे पाणी कधी सुटेल याचा भरवसा नाही. पाणी पुरेसं असूनही ते अनियमित असू शकतं, आणि थोडं असूनही नियमित असू शकतं. रोज ठरल्या वेळी तासभरच पाणी येत असेल, तर माणूस त्या तासाभोवती आपला दिवस लावून घेतो. वेळच माहीत नसेल तर त्याचा सगळा दिवस नळापाशी अडकून पडतो. हा फरक तुम्हाला स्वतःला स्पष्ट झाला, की पत्राला कणा मिळतो. बाकी तीन तक्रारी या मुख्य तक्रारीतून निघत असतील तरच येऊ द्या.

एका विद्यार्थिनीचं पत्र घेऊन दाखवतो, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. तिच्या पहिल्या मसुद्याची सुरुवात अशी होती: ‘पाणी म्हणजे जीवन. परंतु आमच्या भागात गेल्या अनेक दिवसांपासून पाण्याची भीषण टंचाई जाणवत असून नागरिकांचे अतोनात हाल होत आहेत. वारंवार तक्रारी करूनही प्रशासन डोळेझाक करत आहे.’ या तीन वाक्यांत एकही गोष्ट अशी नाही, जी फक्त तिलाच सांगता आली असती. ‘पाणी’च्या जागी ‘वीज’ घातलं तरी दुसरं आणि तिसरं वाक्य जसंच्या तसं चालतं. पत्रांच्या पानावर काम करताना अशी सुरुवात दिसली, की मी थेट तिसऱ्या परिच्छेदावर उडी मारायचो. कामाची गोष्ट लोक तिथे लपवून ठेवतात.

मी तिला पत्र बाजूला ठेवायला सांगितलं. वहीत चौदा दिवस फक्त तीन गोष्टी लिहायच्या: पाणी किती वाजता सुटलं, किती वाजता गेलं, आणि पंधरा लिटरची बादली भरायला किती वेळ लागला. तिच्या गल्लीतल्या पाण्याची जाहीर वेळ सकाळी 6 ते 7:30 होती. चौदा दिवसांनी वही उघडली तेव्हा त्यात असं दिसलं. चार दिवस पाणी वेळेत आलं. सात दिवस ते भलत्याच वेळी आलं, एकदा पहाटे 4:10 ला, तर एकदा सकाळी 9:50 ला. तीन दिवस आलंच नाही. चांगल्या दिवशी बादली 50 सेकंदांत भरायची, वाईट दिवशी तिला तीन मिनिटांहून जास्त लागायची. म्हणजे मिनिटाला 18 लिटरवरून धार पाच लिटरच्या खाली आलेली. ‘कमी दाबाने पाणी येते’ हे वाक्य कुणीही लिहील. ‘50 सेकंदांत भरणाऱ्या बादलीला तीन मिनिटे लागतात’ हे बादलीपाशी उभा राहिलेला माणूसच लिहितो.

पण वहीतली खरी गोष्ट पुढेच होती. तिची एक मैत्रीण त्याच जलवाहिनीवर, पण सुरुवातीच्या टोकाला राहते. तिनेही नोंद ठेवली होती. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा कळलं, की मैत्रिणीकडे पाणी साधारण सहाला येतं, तेव्हा हिच्याकडे यायला 6:35 होतात. रिकामी झालेली वाहिनी आधी भरावी लागते, शिवाय वाटेतली घरं नळ सोडून बसलेली असतात, त्यामुळे शेवटच्या टोकाला दाब उशिरा पोहोचतो. आणि ज्या तीन दिवशी हिच्याकडे ‘पाणी आलंच नाही’, त्या दिवशी मैत्रिणीकडे अर्धा तास पाणी होतं.

आता हिशेब पाहा. दीड तास पाणी सोडलं, तर पहिल्या घराला 90 मिनिटं मिळतात आणि शेवटच्या घराला 55. काही कारणाने पुरवठा निम्मा केला, म्हणजे 45 मिनिटं सोडला, तर पहिल्या घराला 45 मिनिटं मिळतात, शेवटच्या घराला मात्र जेमतेम 10. कागदावर कपात सगळ्यांना सारखीच, निम्मी. शेवटच्या घराला ती चार पंचमांशाहून मोठी पडते. अर्धाच तास सोडलं, तर तिथे थेंबही पोहोचत नाही. विभागाच्या नोंदीत त्या दिवशी पाणी ‘सोडले’ असंच लिहिलेलं असणार, आणि ते खोटं नाही. म्हणून ‘आमच्याकडे पाणीच येत नाही’ या तक्रारीला ‘पुरवठा सुरू आहे’ असं उत्तर येतं आणि दोन्ही बाजूंना दुसरा खोटं बोलतोय असं वाटत राहतं. एवढं एका परिच्छेदात मांडता आलं, तर तुमचं पत्र शेकड्यात उठून दिसेल. कारण ते रागाच्या पुढे जाऊन घोळ कुठे आहे ते दाखवतं.

दुसरा मुद्दा उधळपट्टीचा, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. वेळ माहीत नसली की माणसं नळ उघडाच ठेवून झोपतात, म्हणजे पाणी सुटल्याचा आवाज येईल आणि जाग येईल. जाग आली नाही तर पिंप भरून पाणी मोरीत जातं. उद्याचा भरवसा नसल्यामुळे प्रत्येक जण गरजेपेक्षा जास्त भरून ठेवतो, आणि ताजं पाणी आलं की कालचं ओतून देतो. काही जण वाहिनीलाच मोटर लावतात, त्यामुळे पुढच्या घरांचा दाब आणखी पडतो. भरीला, वाहिनी रिकामी राहिली की फुटक्या सांध्यांतून बाहेरचं घाण पाणी आत शिरू शकतं. मग पाणी सुटल्यावरची पहिली धार गढूळ येते आणि लोक ती सोडून देतात. गढूळ पाण्याची तक्रार इथे आपोआप आली, पण अनियमितपणाचा परिणाम म्हणून. स्वतंत्र रडगाणं म्हणून ती आली असती तर पत्राचा धागा तुटला असता.

या सगळ्यातून एक मागणी निघते आणि तिला जास्तीचं पाणी लागत नाही. वेळ आधी सांगा. धरणात पाणी कमी आहे, वीज गेली, वाहिनी फुटली, ही कारणं पुरवठा का घटला याचं उत्तर देतात. घटला हे आदल्या संध्याकाळी का सांगितलं नाही, याचं उत्तर त्यांत नाही. ‘पुरेसे पाणी द्या’ या मागणीला ‘साठाच कमी आहे’ असं उत्तर देता येतं आणि विषय मिटतो. ‘उद्या किती वाजता सुटणार ते आज सांगा’ ही मागणी तशी उडवून लावता येत नाही. मागणी निवडताना एवढं एकच तपासायचं: समोरच्याला ती एका वाक्यात झटकता येते का? येत असेल तर ती अजून धारदार व्हायला हवी.

शेवटी तिचं पत्र असं झालं:

दिनांक: ……

प्रति,
मा. संपादक,
दैनिक ……

विषय: पाण्याच्या वेळेची पूर्वसूचना मिळण्याबाबत

महोदय,

आमच्या गल्लीत गेल्या चौदा दिवसांपैकी चारच दिवस पाणी ठरलेल्या वेळी आले. सात दिवस ते पहाटे 4:10 पासून सकाळी 9:50 पर्यंत कधीही आले आणि तीन दिवस आलेच नाही. या चौदा दिवसांत वेळ बदलल्याची सूचना एकदाही मिळाली नाही.

वेळ ठाऊक नसल्याने अनेक घरांत रात्री नळ उघडा ठेवून झोपावे लागते. जाग आली नाही तर पिंप भरून पाणी वाहून जाते. आमच्या शेजारी एकट्या राहणाऱ्या आजींना पाणी सुटल्याचे कळते तेव्हा ते बहुधा जाण्याच्या बेतात असते. टंचाई असताना पाणी वाया जाते, ते लोक बेफिकीर आहेत म्हणून नव्हे, तर त्यांना वेळ माहीत नाही म्हणून.

जलवाहिनीच्या सुरुवातीच्या घरांपेक्षा आमच्याकडे पाणी सुमारे 35 मिनिटे उशिरा पोहोचते. त्यामुळे ज्या दिवशी अर्धाच तास पुरवठा होतो, त्या दिवशी सुरुवातीच्या घरांना पाणी मिळते आणि शेवटची घरे कोरडी राहतात. विभागाच्या नोंदीत मात्र त्या दिवशीही पाणी सोडल्याचेच दिसत असेल.

साठा कमी असल्यास कपात समजण्यासारखी आहे. आमचे म्हणणे दोनच गोष्टींपुरते आहे. दुसऱ्या दिवशीची वेळ आदल्या संध्याकाळी जाहीर व्हावी, आणि कपातीच्या दिवसांत शेवटच्या घरांपर्यंत पाणी पोहोचेल इतका वेळ तरी पुरवठा सुरू राहावा. त्यासाठी गरज पडल्यास एक दिवसाआड पाणी सोडले तरी चालेल. इतर भागांतील वाचकांचा अनुभव असाच असेल, तर त्यांनीही आठवडाभर वेळा नोंदवून आपल्या सदराकडे पाठवाव्यात, असे वाटते.

आपली विश्वासू,
……

आता या पत्रातल्या काही निवडी, कारण परीक्षक नेमक्या त्याच पाहतो.

पहिल्याच वाक्यात आकडे येतात, तरी पत्रभर ते पसरलेले नाहीत. बादलीचा हिशेब मसुद्यात होता, तो आम्ही काढला. तो सुंदर होता, पण दाबाबद्दल होता आणि पत्र वेळेबद्दल आहे. मन घट्ट करून अशी वाक्यं काढता येणं हाच प्रगत लेखनाचा मोठा भाग आहे. दाबावर पत्र लिहाल तेव्हा ती बादली पहिल्या ओळीत येऊ द्या.

कुणावरही आरोप नाही. ‘प्रशासन डोळेझाक करते’ हे सिद्ध करता येत नाही. ‘सूचना एकदाही मिळाली नाही’ हे येतं, आणि बोचतंही तेच जास्त. ‘विभागाच्या नोंदीत… दिसत असेल’ मधलं ‘असेल’ मुद्दाम ठेवलं आहे. तिने ती नोंद पाहिलेली नाही. ‘दिसते’ लिहिलं असतं तर वाक्य जोरदार झालं असतं, पण न पाहिलेल्या गोष्टीची खात्री दिल्यासारखं झालं असतं. क्रियापदाच्या रूपाने आपण किती जाणतो ते सांगता येणं ही मराठीची फार उपयोगी सोय आहे, आणि विद्यार्थी ती वापरत नाहीत.

आजींचा एक तपशील आहे, पण एकच. हालअपेष्टांची यादी दिली, की वाचक एकाही माणसाला पाहू शकत नाही. आजारी माणसं, लहान मुलं, नोकरदार, गृहिणी असे चार गट एका वाक्यात आले, तर ती जनगणना होते. एक म्हातारी बाई दाराशी पोहोचेपर्यंत धार बारीक झालेली, हे दिसतं आणि लक्षात राहतं.

कपात मान्य केली आहे. हे बऱ्याच जणांना शरणागती वाटते, पण त्याने उलट बळ येतं. समोरचा जे उत्तर देणार ते आपणच आधी सांगितलं, की त्याच्याकडे मूळ प्रश्नच उरतो. एक दिवसाआडचा पर्याय देण्यामागेही हाच विचार आहे. रोज अर्धा तास आणि एक दिवसाआड तासभर, दोन्हींत पुरवठ्याचा एकूण वेळ तेवढाच, पण दुसऱ्या प्रकारात शेवटच्या घराला 25 मिनिटं मिळतात. मात्र वाहिनी जितका जास्त काळ रिकामी राहील तितका दूषित पाण्याचा धोका वाढतो, म्हणून हा पर्याय ‘गरज पडल्यास’ एवढाच सुचवला आहे. ‘हेच करा’ असं लिहिलं असतं तर जाणकार वाचकाने तिथेच बोट ठेवलं असतं.

भाषेबद्दल थोडं. मी इथे बोलतोय तसं ‘येतं, जातं’ पत्रात लिहू नका. तिथे ‘येते, जाते’ हवं, आणि एकदा धरलेलं रूप शेवटपर्यंत हवं. ‘पाणी सुटते’ हे मात्र बिनधास्त लिहा, ते अस्सल आहे. त्याऐवजी ‘जलपुरवठा कार्यान्वित होतो’ लिहिल्याने भाषा प्रगत होत नाही. ‘करण्यात यावे’, ‘घेण्यात यावी’ ही रूपं कार्यालयीन अर्जाची. ती पत्रभर आली की अर्जाचा वास येतो. ‘जाहीर व्हावी’, ‘सुरू राहावा’ एवढं पुरतं. ‘आपल्या लोकप्रिय दैनिकातून’ ही सुरुवात मी हजारो वेळा वाचली आहे. तिने पत्र छापलं जाण्याची शक्यता वाढत नाही, आणि शब्दमर्यादेतले तीन शब्द मात्र जातात. विषयाच्या ओळीत ‘अनियमित पाणीपुरवठ्याबाबत’ असं लिहिलं तर चूक नाही, पण मागणीच विषयात आली की वाचणाऱ्याला पत्र कुठे चाललंय ते आधीच कळतं.

परीक्षेत अर्थात चौदा दिवसांची वही नसते. तिथे तपशील कल्पनेने रचावे लागतात आणि ते चालतं, फक्त ते आपसांत जुळले पाहिजेत. चार, सात आणि तीन मिळून चौदा होतात, हे परीक्षक नकळत मोजतो. पहिल्या परिच्छेदात ‘आठवडाभर पाणी आलेलेच नाही’ आणि तिसऱ्यात ‘रोज अवेळी पाणी येते’ असं लिहिलेल्या उत्तरपत्रिका मी ढिगाने पाहिल्या आहेत. म्हणून कच्च्या कागदावर आधी चारच गोष्टी ठरवा: जाहीर वेळ कोणती, किती दिवसांपैकी किती दिवस ती चुकली, तुमचं घर वाहिनीच्या कोणत्या टोकाला आहे, आणि तुमच्या डोळ्यांसमोरचा एक माणूस कोण. यात पाच मिनिटं जातात. त्यानंतर लिहायला लागा, म्हणजे वाक्यं त्या चार गोष्टींना धरून राहतील.

खरं पत्र खऱ्या दैनिकाला पाठवणार असाल, तर मात्र रचलेला एकही आकडा नको. पाठवताना संपूर्ण नाव, पत्ता आणि फोन द्या. नाव छापायचं नसेल तर तसं कळवा. आणि वही जपून ठेवा. पत्र छापून आल्यावर विभागाकडून खुलासा येण्याची बरीच शक्यता असते, ‘सदर भागात पुरवठा नियमित आहे’ असा. त्या विद्यार्थिनीच्या पत्रावरही तो आला. तिने उत्तरादाखल दोन्ही वह्यांची पानं शेजारी शेजारी ठेवून त्यांचा फोटो पाठवला, सोबत दोनच ओळी लिहिल्या, आणि पुढच्या आठवड्यात पत्रांच्या पानावर तो छापला गेला.